डेव्हिसन कुंडली: दोन जन्मांच्या मधला क्षण कसा काढायचा आणि काँपोझिटपेक्षा वेगळा कसा वाचायचा

डेव्हिसन कुंडली पहिल्यांदा मांडणाऱ्याला धक्का बसतो तो तारखेचा. सॉफ्टवेअर एक तारीख दाखवतं, त्या दिवशी दोघांची भेट झालेली नसते, लग्न तर दूरच. जोडीतला धाकटा तर त्या तारखेला जन्मालाही आलेला नसतो. तरी तारीख बरोबर असते, कारण ही कुंडली दोघांच्या जन्मांच्या बरोबर मधल्या क्षणाची, बरोबर मधल्या जागेवरची असते. ब्रिटिश ज्योतिषी रोनाल्ड डेव्हिसन यांनी १९७७ मध्ये ही पद्धत मांडली. त्याच दशकात अमेरिकेत जॉन टाउनली आणि रॉबर्ट हँड यांच्यामुळे काँपोझिट कुंडली लोकप्रिय झाली. दोन्ही एकाच सुमारास रूढ झाल्या आणि दोन्हींत 'मध्य' काढायचा असतो, म्हणून नवखे लोक त्या एकच समजतात.

फरक एका वाक्यात सांगता येतो. काँपोझिटमध्ये ग्रहांचा मध्य काढतात: दोन सूर्यांच्या मधला अंश, दोन चंद्रांच्या मधला अंश. डेव्हिसनमध्ये आधी वेळेचा आणि जागेचा मध्य काढतात आणि त्या क्षणी आकाशात जे होतं ते जसंच्या तसं घेतात. काँपोझिटचं आकाश कधीच अस्तित्वात नव्हतं, डेव्हिसनचं होतं. हा फरक वाचनात कुठे दिसतो ते कळण्यासाठी एक जोडी शेवटपर्यंत सोबत घेऊ: चार्ल्स आणि डायना. दोघांचे तपशील सार्वजनिक आहेत आणि या जोडीत दोन्ही पद्धतींचे खाचखळगे एकाच ठिकाणी सापडतात.

खालचे सगळे अंश सायन आहेत, कारण या दोन्ही पद्धती पाश्चात्त्य परंपरेतल्या आहेत. निरयन वापरणाऱ्यांनी १९५५ साठी सुमारे सव्वातेवीस अंश वजा करावेत. मधली तारीख बदलत नाही, ग्रहांमधली अंतरंही बदलत नाहीत. बऱ्याचशा राशी मात्र बदलतील. आणि गुणमेलनाशी याचा काहीही संबंध नाही, छत्तीस गुण इथे शोधू नका.

काय काय हातात हवं

- दोघांची जन्मतारीख आणि वेळ, शक्यतो नोंदीवरून. आईच्या आठवणीतली वेळ असेल तर तसं लिहून ठेवा, शेवटच्या पायरीत ते लागेल.
- दोन्ही जन्मगावांचे अक्षांश-रेखांश.
- त्या तारखेला त्या गावात कोणती प्रमाणवेळ चालू होती याची माहिती.
- कोणतंही स्प्रेडशीट, आणि डेव्हिसन व काँपोझिट दोन्ही काढणारं सॉफ्टवेअर. astro.com वर दोन्ही फुकट मिळतात.

सॉफ्टवेअर सगळं करतं तर स्प्रेडशीट कशाला, असं वाटेल. एकदा हाताने मध्य काढला की सॉफ्टवेअरने कुठे गडबड केली ते नंतर लगेच ओळखू येतं, म्हणून.

१. दोन्ही वेळा ग्रीनिचवर आणा

चार्ल्स यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९४८, रात्री ९:१४, लंडन. तिथली उन्हाळी वेळ ऑक्टोबरअखेर संपली होती, म्हणून ग्रीनिच वेळही २१:१४ च. डायनाचा जन्म १ जुलै १९६१, संध्याकाळी ७:४५, सँड्रिंगहॅम. जुलै म्हणजे उन्हाळी वेळ, घड्याळ तासभर पुढे. एक तास वजा केला की १८:४५.

हा तास विसरलात तर मधला क्षण अर्ध्या तासाने सरकतो. तेवढ्याने ग्रहांना फारसं काही होत नाही, पण लग्न, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारा अंश, पाच-सहा अंशांनी हलतं.

आपल्याकडच्या कुंडल्यांत हा सापळा दुसऱ्या रूपात येतो. सरसकट साडेपाच तास वजा करू नका. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात भारतातली घड्याळं तासभर पुढे होती, म्हणजे ग्रीनिचपासून साडेसहा तास. मुंबईत तर जुनी 'बाँबे टाइम' १९५५ पर्यंत चालत होती आणि ती प्रमाणवेळेपेक्षा सुमारे ३९ मिनिटांनी मागे. आजी-आजोबांची जोडी मांडताना हे आधी तपासा. टिपणात कोणती वेळ लिहिली आहे हे घरातल्या जुन्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही.

२. वेळेचा मध्य काढा

ग्रीनिच वेळेतल्या दोन्ही नोंदी स्प्रेडशीटच्या दोन खणांत तारीख-वेळ म्हणून भरा आणि तिसऱ्यात एवढंच लिहा:

```
A1: 1948-11-14 21:14:00
A2: 1961-07-01 18:45:00
A3: =(A1+A2)/2
```

तिसऱ्या खणाला तारीख-वेळेचं रूप दिलंत की उत्तर दिसतं: ९ मार्च १९५५, १९:५९:३०. डायनाच्या जन्माला तेव्हा सहा वर्षं बाकी होती. स्प्रेडशीट आतून दिवस मोजत असल्यामुळे लीप वर्षांची काळजी तुम्हाला करावी लागत नाही. वर्षं, महिने, दिवस वेगवेगळे घेऊन त्यांची सरासरी काढायला मात्र जाऊ नका. महिने सारख्या लांबीचे नसतात, उत्तर दिवसा-दोन दिवसांनी चुकतं आणि चंद्र पार दुसऱ्या राशीत जाऊन बसतो.

सॉफ्टवेअरमध्ये हा क्षण हाताने भरताना टाइमझोन शून्य ठेवा. मधल्या गावाची स्थानिक वेळ त्यात मिसळू देऊ नका.

३. जागेचा मध्य काढा

लंडनचा बकिंगहॅम पॅलेस ५१°३०' उत्तर, ०°०८' पश्चिम. सँड्रिंगहॅम ५२°५०' उत्तर, ०°३०' पूर्व. सरासरी ५२°१०' उत्तर, ०°११' पूर्व, म्हणजे केंब्रिजच्या अगदी शेजारी. चार्ल्स पुढे त्याच केंब्रिजला शिकले. असे योगायोग भेटले की गंमत वाटते, पण त्यातून भाकीत काढू नये.

दोन्ही गावं जवळ असली की कोणतीही सरासरी चालते. अडचण येते ती एक जण पुण्याचा आणि दुसरा सॅन फ्रान्सिस्कोचा असला की, आणि हल्ली अशी जोडपी मराठी घरांत कमी नाहीत. पुणे ७३°५१' पूर्व, सॅन फ्रान्सिस्को १२२°२५' पश्चिम. आकड्यांची सरळ सरासरी घेतली तर मध्य २४° पश्चिमेला येतो, कॅनरी बेटांच्याही पलीकडे अटलांटिकमध्ये. पण या दोन गावांमधला जवळचा मार्ग अटलांटिकवरून नाही, पलीकडून आहे. रेखांश त्या बाजूने मोजले तर मध्य १५५°४३' पूर्वेला, प्रशांत महासागरात. आणि पृथ्वी गोल आहे हे धरून खराखुरा मध्य काढला तर तो सैबेरियात लीना नदीच्या मुखाशी येतो, साधारण ७२°३५' उत्तर, १२३° पूर्व.

एकाच जोडीची तीन ठिकाणं, म्हणजे तीन वेगळी लग्नं. शिवाय लीनाचं मुख उत्तर ध्रुववृत्ताच्या वर आहे आणि तिथे प्लॅसिडस पद्धतीने स्थानं काढताच येत नाहीत. काही सॉफ्टवेअर अशा वेळी न सांगता दुसरी पद्धत लावतात.

ओळखायचं कसं? कुंडलीच्या कोपऱ्यात छापलेले अक्षांश-रेखांश वाचा आणि नकाशावर बोट ठेवा. माझा नियम साधा आहे: गावं एकाच खंडात असतील तर सरळ सरासरी चालेल. महासागर मध्ये असेल तर गोलावरचा मध्य घ्या आणि राशी म्हणजेच स्थान धरून वाचा. ठिकाणाची पद्धत टिपणात लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तुमचीच कुंडली तुम्हाला परत काढता येणार नाही.

४. दोन्ही कुंडल्या शेजारी ठेवा

चार्ल्स-डायनाचे मोजकेच बिंदू घेऊ, तेवढे पुरतात.

काँपोझिट: सूर्य कन्या १६°०२', चंद्र मीन २७°४४', शुक्र सिंह ५°२३', मंगळ तूळ २६°१८', लग्न तूळ ११°५४', दशमबिंदू मकर १८°.

डेव्हिसन: सूर्य मीन १८°२८', चंद्र तूळ २°२९', शुक्र कुंभेच्या सहाव्या अंशात, मंगळ वृषभ ८°, लग्न तूळ ११°४४', दशमबिंदू कर्क १५°२८'.

आता नीट बघा. सूर्य जवळजवळ समोरासमोर, शुक्र समोरासमोर, चंद्रही पाच अंशांच्या फरकाने समोर. मंगळाने मात्र साथ सोडली आहे. नवख्याला इथे वाटतं की दोनपैकी एक कुंडली चुकली. तसं नाही.

५. सूर्य उलटा का पडतो ते समजून घ्या

सूर्य वर्षभरात जवळपास एकसारख्या गतीने फिरतो. म्हणून वेळेचा मध्य काढला की सूर्य दोन सूर्यांच्या मधोमधच येतो. प्रश्न एवढाच, की कोणत्या बाजूच्या मधोमध. वर्तुळावर दोन बिंदूंना दोन मध्य असतात, जवळच्या कंसाचा आणि लांबच्या कंसाचा, आणि ते बरोबर समोरासमोर असतात. काँपोझिट नेहमी जवळचा घेते. डेव्हिसनला असली निवड नाही, मधल्या तारखेला सूर्य जिथे होता तिथे होता.

आधी मोजून ठेवायचं असेल तर दोन गोष्टी बघा. मोठ्याच्या जन्मापासून धाकट्याच्या जन्मापर्यंत पूर्ण वर्षं किती, सम की विषम. आणि मोठ्याच्या सूर्यापासून राशिक्रमाने पुढे धाकट्याचा सूर्य १८० अंशांच्या आत आहे की बाहेर. वर्षं सम आणि सूर्य आत, तर दोन्ही कुंडल्यांचे सूर्य एकाच बाजूला. यातली एकच गोष्ट उलटली तर सूर्य समोरासमोर. दोन्ही उलटल्या तर पुन्हा एका बाजूला. इथे पूर्ण वर्षं १२, म्हणजे सम. वृश्चिकेच्या २२ अंशांपासून पुढे कर्केच्या ९ अंशांपर्यंत सुमारे २२७ अंश, म्हणजे बाहेर. एकच गोष्ट उलटली, म्हणून कन्येऐवजी मीन.

चंद्राचंही असंच, पण त्याची गती बरीच कमी-जास्त होते, त्यामुळे काही अंशांचा फरक पडतो. बुध, शुक्र, मंगळ पृथ्वीवरून पाहताना वक्री होतात, थबकतात, म्हणून त्यांच्याबाबत हा हिशेब भरवशाचा नाही. इथे शुक्र जुळला, मंगळ बारा अंशांनी हुकला आणि राशीही बदलली.

यातून वाचनाचा पहिला नियम निघतो. सूर्य दोन्हीकडे एकाच अक्षावर असतोच, तेव्हा 'दोन्ही कुंडल्यांनी एकमेकींना दुजोरा दिला' असं म्हणू नका. तो दुजोरा गणितातूनच आलेला आहे. मंगळ, बुध आणि चारही केंद्रबिंदू जुळले तर त्याची दखल घ्या.

६. लग्न आणि दशम: काँपोझिटचं दुखणं

काँपोझिटचं लग्न तूळ १२° आणि दशमबिंदू मकर १८°. तूळ लग्नाला मकर म्हणजे चौथं स्थान. दशमबिंदू पाताळात! खऱ्या आकाशात लंडनच्या अक्षांशावर हे होऊच शकत नाही. काँपोझिटमध्ये होतं, कारण लग्नाचा मध्य वेगळा काढतात, दशमाचा वेगळा, आणि दोघांचा एकमेकांशी काही करार नसतो. चार्ल्स यांचा दशमबिंदू मेष १३°, डायनाचा तूळ २३°. जवळपास समोरासमोर असल्यामुळे जवळचा कंस कोणता हे थोडक्यात ठरतं, आणि मध्य फिरून नेमका तळाला जातो.

सॉफ्टवेअर यावर तीन प्रकारे वागतात. कोणी बिंदू तसाच ठेवतं. कोणी तो उलटवून कर्क १८° करतं. तिसरं दशमबिंदू मकरेतच ठेवून, जोडपं राहतं त्या गावाच्या अक्षांशावरून लग्न नव्याने काढतं. लंडन घेतलं तर ते वृषभेच्या १२-१३ अंशांवर येतं, म्हणजे तूळ लग्नाचा पत्ताच नाही. दोन संकेतस्थळांवर एकाच जोडीची काँपोझिट वेगळी दिसली की बहुतेक वेळा कारण हेच असतं. कोणती पद्धत निवडली आहे ते मेन्यूत बघा.

डेव्हिसनमध्ये ही भानगड नाही. खरा क्षण, खरी जागा, म्हणून लग्न आणि दशम एकाच आकाशातले. तूळ १२° लग्नाला कर्क १५° दशम, अगदी सुसंगत. इथे लग्न दोन्हीकडे दहा कलांच्या फरकाने जुळलं आहे, पण तो या जोडीपुरता योगायोग. सहसा तसं होत नाही.

७. वाचताना कोणाला काय विचारायचं

तूळ लग्न धरून राशी म्हणजेच स्थान असं घेऊ. काँपोझिटमध्ये सूर्य कन्येत, बाराव्या स्थानी: नात्याचा गाभा झाकलेला, पडद्याआड. डेव्हिसनमध्ये सूर्य मीनेत, सहाव्या स्थानी: कर्तव्य, दिनक्रम, नोकरीसारखं बंधन. चंद्र काँपोझिटमध्ये सहाव्यात, डेव्हिसनमध्ये लग्नराशीतच. डेव्हिसनच्या दशमाजवळ कर्केत गुरू आणि हर्षल एकत्र आहेत. जगापुढे मोठं, झगमगीत, आणि कधी काय होईल याचा नेम नाही.

माझा अनुभव असा की काँपोझिट आतली घडण सांगते, म्हणजे दोघं एकत्र असताना नातं आतून कसं लागतं ते. डेव्हिसन नात्याकडे एखाद्या व्यक्तीसारखं बघते: ते कुठे उभं आहे, बाहेरून कसं दिसतं, कधी वळण घेतं. सगळे ज्योतिषी ही वाटणी मानत नाहीत. पण 'कधी' हा प्रश्न मी डेव्हिसनलाच विचारतो, आणि त्याला कारण आहे. तिला खरी तारीख असल्यामुळे तिच्या पुढचा दिवसही खरा असतो. एक दिवस म्हणजे एक वर्ष धरून प्रोग्रेशन काढायचं तर २९ जुलै १९८१ च्या लग्नासाठी ९ मार्चपासून सव्वीस दिवस पुढे जायचं आणि ५ एप्रिल १९५५ च्या पहाटेचं आकाश बघायचं. सूर्य मेषेच्या साधारण पंधराव्या अंशात मिळतो, म्हणजे सप्तमबिंदू नुकताच ओलांडलेला. काँपोझिटला असा 'पुढचा दिवस' नाही. तिथे दोघांच्या कुंडल्या वेगवेगळ्या पुढे नेऊन पुन्हा मध्य काढावे लागतात.

गोचर दोन्हींवर बघता येतं. १९८१ च्या जुलैत गुरू-शनीची युती तुळेच्या पाच अंशांवर झाली, लग्नाच्या पाच दिवस आधी. डेव्हिसनचा चंद्र तूळ २° वर आणि लग्न १२° वर, म्हणजे युती या दोन बिंदूंच्या मध्ये. २८ ऑगस्ट १९९६ ला घटस्फोट पक्का झाला तेव्हा शनी समोरच्या मेषेत, पहिल्या सात-आठ अंशांतच होता. काँपोझिटचा चंद्र मीनेच्या टोकाला असल्यामुळे चंद्रापुरतं हे चित्र तिथे असं दिसत नाही. अर्थात घडून गेलेल्या घटनांवर गोचर बसवणं फार सोपं असतं. आपल्या जोडीसाठी आधी तारखा लिहून ठेवा, मग पंचांग उघडा, आणि न जुळलेल्या तारखाही त्याच कागदावर राहू द्या.

८. वेळेचा भरवसा नसेल तर

एका व्यक्तीच्या वेळेत जेवढी चूक, त्याच्या निम्मी डेव्हिसनमध्ये उतरते. ऐकायला बरं वाटतं, पण निम्मीही पुरेशी असते. डायनाची दुपारी २ ही वेळही काही काळ ज्योतिषांमध्ये फिरत होती. ती घेतली तर जन्मवेळ पावणेसहा तासांनी मागे जाते, आणि मधला क्षण सुमारे दोन तास बावन्न मिनिटांनी, १७:०७ वर. सूर्य फक्त सात कलांनी हलतो. चंद्र दीड अंशाने मागे सरकूनही तुळेतच राहतो. लग्न मात्र तुळेतून थेट कन्येच्या अकरा-बारा अंशांवर येतं. मीनेतला सूर्य सहाव्या स्थानातून उठून सातव्यात, विवाहस्थानात जाऊन बसतो, आणि वरच्या पायरीतलं कर्तव्य-बंधनाचं वाचन कोसळतं.

म्हणून वेळ संशयास्पद असेल तर दोन्ही टोकांच्या वेळा घेऊन डेव्हिसन दोनदा काढा. दोन्हींत जे टिकतं तेवढंच वाचा: सूर्याची रास, ग्रहांचे आपसातले योग, आणि चंद्र राशीच्या सीमेवर नसेल तर त्याची रास. स्थानं आणि लग्न सोडून द्या. दोघांपैकी एकाची वेळ मुळीच माहीत नसेल तर त्या व्यक्तीसाठी दुपारचे बारा धरा. मधला क्षण जास्तीत जास्त सहा तास इकडेतिकडे होईल, चंद्र तीन-चार अंश हलेल. अशा वेळी काँपोझिटही लग्नाशिवायच वाचावी लागते, आणि तिथला चंद्रही तेवढाच हलतो, तेव्हा तिकडे पळून फायदा नाही.